रिक्रूटरला पगाराची रेंज पहिल्याच चॅटमध्ये कशी विचारावी

कंपनीत एखादी जागा भरायची ठरली की ती रिक्रूटरच्या हाती पडण्याआधीच तिच्यापुढे एक रक्कम मंजूर झालेली असते. मॅनेजर मागणी नोंदवतो, फायनान्सवाले बजेट पास करतात आणि मगच रिक्रूटर नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर माणसं शोधायला बसतो. म्हणजे तुम्हाला "प्रोफाइल आवडलं, बोलूया का?" असा मेसेज येतो तेव्हा वरची मर्यादा ठरून गेलेली असते. बहुतेक वेळा ती समोरच्या माणसाच्या एक्सेलमध्येच असते. मी पुण्यात काही वर्षं रिक्रूटमेंटच्या बाजूला काम केलं आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो. बजेट विचारलं म्हणून चांगला उमेदवार यादीतून काढून टाकला, असं मी क्वचितच पाहिलं. उलट चार राउंड झाल्यावर आकडे जुळत नाहीत म्हणून तुटलेली बोलणी ढीगभर पाहिली, आणि त्यात उमेदवाराच्या सुट्ट्या, रात्रीचा अभ्यास आणि एक घरी सोडवायची असाइनमेंट वाया गेलेली असायची.

या लेखात मी एकच प्रसंग धरतो: हिंजवडी किंवा खराडीतली आयटी नोकरी, चार ते दहा वर्षांचा अनुभव आणि व्हॉट्सअ‍ॅप किंवा लिंक्डइनवर आलेला रिक्रूटरचा मेसेज. बँकिंग, फार्मा किंवा ऑटो क्षेत्रातल्या अनुभवी लोकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

मेसेज करणारा माणूस कंपनीचा स्वतःचा असतो किंवा कन्सल्टन्सीचा. हा फरक पहिल्या मिनिटात करून घ्यावा, कारण दोघांची गरज वेगळी असते. कन्सल्टन्सीला उमेदवार रुजू झाला तरच पैसे मिळतात. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. त्याच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याची रक्कम, हा आपल्याकडचा जुना आणि नेहमीचा दर आहे. तुम्हाला थोडं जास्त मिळालं तर त्याचंही थोडं भलंच होतं, पण त्याला खरी घाई असते ती जागा भरण्याची. त्यामुळे बजेटबाहेरच्या उमेदवारावर वेळ घालवणं त्यालाही परवडत नाही. हा माणूस बजेट लवकर सांगतो.

कंपनीचा स्वतःचा रिक्रूटर थोडा सांभाळून बोलतो. टीममध्ये आधीपासून असलेल्या लोकांचे पगार त्याला ठाऊक असतात आणि रेंजचं वरचं टोक बाहेर फुटू नये असं त्याला वाटतं. तो बहुधा आधी तुमचा आकडा काढायचा प्रयत्न करेल.

दोघेही तुमची माहिती एका ट्रॅकरमध्ये भरतात. त्यात एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सीसीटीसी, ईसीटीसी, एनपी, शहर आणि नोकरी बदलण्याचं कारण असे रकाने असतात. सीसीटीसी म्हणजे सध्याचा सीटीसी, ईसीटीसी म्हणजे अपेक्षित सीटीसी आणि एनपी म्हणजे नोटिस पिरियड. यातला ईसीटीसीचा रकाना फार जपून भरा. पहिल्या दिवशी घाईत टाइप केलेला आकडा शेवटच्या टेबलापर्यंत जातो आणि "तुम्ही तर 13 सांगितले होते" म्हणून तुमच्यासमोर येतो. कन्सल्टन्सीमार्फत एकदा तुमचा सीव्ही कंपनीच्या सिस्टिममध्ये गेला की पुढचे काही महिने त्या कंपनीसाठी तुम्ही त्यांचे उमेदवार धरले जाता. दुसऱ्या मार्गाने, दुसऱ्या आकड्यासह जाणं मग अवघड होतं. म्हणून रेंज विचारायची ती सीव्ही पाठवण्याआधी आणि ट्रॅकर भरण्याआधी.

विचारण्याआधी स्वतःचा तळ काढा

तळ म्हणजे ज्याच्या खाली तुम्ही जाणार नाही तो आकडा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बरेच जण रेंज विचारतात, उत्तरही मिळवतात आणि तरीही फसतात. सीटीसीचा आकडा म्हणजे पगार नव्हे. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, बहुतेकदा कामगिरीनुसार मिळणारं व्हेरिएबल असतं, कधी गटविम्याचा हप्ताही घातलेला असतो.

समजा, एक टेस्ट इंजिनिअर आहे. सहा वर्षांचा अनुभव, सध्याचा सीटीसी 11 लाख, व्हेरिएबल नाही. बेसिक महिना 36,000 रुपये. कंपनीचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के म्हणजे वर्षाला 51,840 आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे सुमारे 20,800. हे दोन्ही वजा केले की वर्षाला सुमारे 10,27,400 उरतात, म्हणजे महिना साधारण 85,600. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ 4,320 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 गेला की हातात सुमारे 81,000 येतात.

तिला 13 लाखांची ऑफर येते. कागदावर 18 टक्के वाढ. पण नव्या कंपनीत 10 टक्के व्हेरिएबल आहे, म्हणजे 1,30,000 बाजूला. उरले 11,70,000. बेसिक 40,000 धरलं तर कंपनीचा पीएफ 57,600, ग्रॅच्युइटी सुमारे 23,100, आणि विम्याचे 15,000 सीटीसीतच घातलेले. हे सगळं काढल्यावर वर्षाला सुमारे 10,74,300, महिना 89,500. स्वतःचा पीएफ 4,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हाती येतात 84,500. दोन लाखांच्या वाढीतून दरमहा वाढले फक्त साडेतीन हजार. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 75,000 रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर 12 लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे दोन्हीकडे प्राप्तिकर शून्य आहे आणि फरकाचं खापर करावर फोडता येणार नाही.

व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर तिचं वर्ष नक्कीच बरं जाईल, आणि पीएफही तिच्याच नावावर साठतो. पण व्हेरिएबल कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून असतं. ग्रॅच्युइटी मिळायला कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं काढावी लागतात. घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

म्हणून हिशोब उलटा करा. हातात महिना एक लाख हवेत असं तिने ठरवलं, तर बेसिक 46,000 धरून स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर मिळून महिना सुमारे 5,700 वर चढवावे लागतील. वर्षाचे झाले साधारण 12,68,600. त्यात कंपनीचा पीएफ 66,200, ग्रॅच्युइटी 26,500 आणि विम्याचे 15,000 घातले की फिक्स्ड पावणेचौदा लाखांच्या जरा वर जातं. तिने तळ 14 लाख फिक्स्ड असा धरावा. 14 लाखांवर थोडा कर लागेल आणि व्हेरिएबल मिळालं तर आणखी, पण तो वरच्या पैशांतूनच जाईल. आता तिला रिक्रूटरकडून काढायचा आकडा कोणता, हे नक्की झालं: रेंज, आणि ती फिक्स्डमध्ये.

काही कंपन्या पीएफ प्रत्यक्ष बेसिकवर न भरता 15,000 रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर भरतात. तेव्हा दोन्ही बाजूंनी महिना 1,800 जातात आणि हातात जास्त पडतात. तुमचा तळ काढताना सध्याच्या स्लिपवर कोणती पद्धत आहे ते बघून घ्या.

पहिला मेसेज

रिक्रूटर सहसा असं लिहितो: "हाय, तुमचं प्रोफाइल आमच्या एका क्लायंटसाठी योग्य वाटतंय. अपडेटेड सीव्ही, सीसीटीसी, ईसीटीसी आणि नोटिस पिरियड पाठवा." क्लायंटचं नाव नाही, कामाचं वर्णन नाही, तुमच्याकडून मात्र चार गोष्टी हव्या आहेत.

याला नुसतं "पॅकेज किती?" असं उत्तर देऊ नका. तो प्रश्न चुकीचा नाही, पण दिवसाला पन्नास-साठ लोकांशी बोलणाऱ्या माणसाला त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही आणि तो पुढच्या नावाकडे वळतो. त्याला कामाची वाटेल अशी थोडी माहिती आधी द्या आणि लगेच प्रश्न ठेवा:

"नमस्कार मॅडम, मेसेजबद्दल धन्यवाद. मला ऑटोमेशन टेस्टिंगचा 6 वर्षांचा अनुभव आहे, सेलेनियम आणि जावा मुख्य. सध्या पुण्यात, नोटिस 60 दिवस. सीव्ही पाठवण्याआधी तीन गोष्टी कळतील का: कंपनी कोणती, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस जावं लागेल, आणि या जागेचं मंजूर बजेट काय आहे, त्यात फिक्स्ड किती? जुळत असेल तर आजच सीव्ही आणि बाकी तपशील पाठवते."

मेसेज इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा. "बजेट" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. "सॅलरी किती द्याल?" म्हटलं की ती तुमची मागणी ठरते आणि समोरचा लगेच घासाघीस करायच्या पवित्र्यात जातो. "या जागेचं बजेट" म्हटलं की ती त्या जागेविषयीची माहिती ठरते, आणि रिक्रूटर आपसांत हाच शब्द वापरतात. पगाराचा प्रश्न कंपनी आणि ऑफिसच्या दिवसांच्या शेजारी बसवल्यामुळे तो इतर चौकशीसारखाच वाटतो. शेवटच्या वाक्यात तुम्ही त्याला काहीतरी देताय: उत्तर आलं तर आजच सीव्ही.

बरेच रिक्रूटर मेसेजला उत्तर न देता थेट फोन करतात. हरकत नाही. फोनवर पहिल्या दोन मिनिटांत, कामाचं वर्णन ऐकून झालं की तेच विचारा. फोन ठेवल्यावर मात्र दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका: "बोलल्याप्रमाणे, फिक्स्ड 14 ते 16, व्हेरिएबल वेगळं, आठवड्यात 3 दिवस ऑफिस. बरोबर ना?" त्यावर आलेलं "हो" महिन्याभराने फार उपयोगी पडतं, कारण तोवर तो रिक्रूटर दुसरीकडे गेलेला असू शकतो.

उत्तरं कशी वाचायची

सरळ आकडा आला तर उत्तम, पण "16 पर्यंत" असं आलं तर वरचं टोक लगेच स्वतःचं धरू नका. "पर्यंत"चा आकडा बहुधा त्या जागेसाठी मागितलेल्या जास्तीत जास्त अनुभवाला असतो. जाहिरातीत 5 ते 9 वर्षं लिहिली असतील तर 16 हे 9 वर्षांवाल्याचे. म्हणून पुढचा प्रश्न असा: "6 वर्षांच्या अनुभवाला यात साधारण कुठे धरतात? आणि 16 हे फिक्स्ड की व्हेरिएबल धरून?" या दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा आकडा एक-दीड लाखाने खाली येतो.

"इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे" किंवा "योग्य उमेदवाराला बजेटचा प्रश्न नाही" हे उत्तर नव्हे. बजेटचा प्रश्न प्रत्येक जागेला असतो. असं आलं तर एकदा नम्रपणे परत विचारायचं.

"सध्याच्या सीटीसीवर 30 टक्के देऊ" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, आणि माझ्या मते उमेदवाराचं सर्वात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. जो माणूस आधीच कमी पगारावर अडकलाय, तो या सूत्राने पुढेही तिथेच अडकतो. काम तेच असतं, शेजारच्या खुर्चीवरचा तीन लाख जास्त घेत असतो. यावर एवढंच म्हणा: "टक्क्यांपेक्षा या भूमिकेचं बजेट कळलं तर बरं होईल, माझं सध्याचं स्ट्रक्चर वेगळं आहे."

सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे उलटा प्रश्न: "तुमची अपेक्षा सांगा." पहिल्यांदा तो परत पाठवा: "अपेक्षा कामावर आणि स्ट्रक्चरवर ठरेल. मंजूर रेंज सांगितलीत तर मी लगेच हो किंवा नाही सांगते." दुसऱ्यांदाही तेच आलं तर ताणू नका, पण आकडा अपेक्षा म्हणून न देता तळ म्हणून द्या, आणि हो-नाहीचा प्रश्न करून द्या: "फिक्स्ड 14 लाखांच्या खाली मी सध्या विचार करत नाही. या जागेचं बजेट त्यात बसतं का?" रेंज सांगायला मनाई असलेला रिक्रूटरही याला "बसतं" किंवा "नाही बसणार" म्हणू शकतो, आणि तुम्हाला हवं होतं ते तेवढंच. याचा तोटाही आहे: बजेट 18 असेल तर तुम्ही स्वतःहून खालचं टोक दाखवलंत. म्हणून तळ सांगताना हिशोबाच्या आकड्यापेक्षा किंचित वरचा सांगावा, आणि ट्रॅकरच्या ईसीटीसीत त्याहून वरचा आकडा किंवा "भूमिकेनुसार" असं लिहावं.

तिसऱ्यांदाही "एचआर शेवटच्या राउंडनंतर बोलेल" असंच आलं, तर थांबायचं की नाही ते तुमच्या गरजेवर ठरवा. हातात नोकरी असेल तर मी थांबायला सांगेन. नोकरी गेलेली असेल तर फार तर पहिला टेक्निकल राउंड द्या, पण असाइनमेंट घरी घेऊन बसण्याआधी पुन्हा विचारा.

सध्याचा पगार विचारलाच तर

भारतात सध्याचा पगार विचारण्यावर बंदी नाही, आणि बहुतेक कंपन्या तो विचारतातच. न सांगण्याचा हट्ट धरला तर ट्रॅकरमधला रकाना रिकामा राहतो आणि पुष्कळ ठिकाणी रिकाम्या रकान्याचं प्रोफाइल पुढेच जात नाही. त्यामुळे सांगायचा, पण रेंज कळल्यानंतर, आणि खरा सांगायचा. ऑफरआधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म 16 किंवा बँकेचं स्टेटमेंट मागतात. तिथे फुगवलेला आकडा उघडा पडतो आणि दिलेली ऑफर परत घेतली जाते. सांगताना फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं सांगा. बोनस किंवा पगारवाढ येऊ घातली असेल तर तेही सांगा: "सध्या 11 फिक्स्ड, एप्रिलमध्ये वाढ अपेक्षित."

ज्यांची बोलणी परदेशातल्या जागेसाठी चालू आहेत त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर 2022 पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी 2023 पासून, अगदी लहान कंपन्या सोडल्या तर जाहिरातीतच रेंज लिहावी लागते. युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा रेंज आधी कळवणं बंधनकारक आहे आणि मागचा पगार विचारता येत नाही. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात आणायला 7 जून 2026 ची मुदत दिली होती. बर्लिनच्या जागेसाठी पुण्यातून बोलत असाल तर रेंज विचारताना अजिबात संकोच नको. पण त्याच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातली जागा असेल तर तिला इथलाच रिवाज लागू होतो.

कुठे हा प्रश्न चालत नाही

कॅम्पस प्लेसमेंटमध्ये आणि मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पगार बहुधा आधीच ठरलेला असतो. तिथे आकडा ऐकून घ्यायचा, फार तर बाँड आणि ट्रेनिंगच्या काळातला पगार विचारायचा. सरकारी जागांना वेतनश्रेणी जाहिरातीतच छापलेली असते. ओळखीतून, म्हणजे मॅनेजरने स्वतः चहाला बोलावून विचारलं असेल, तर त्याच भेटीत बजेट काढू नका. त्याला एवढं विचारा की एचआरमधून कोणाशी बोलू, आणि हाच मेसेज त्या माणसाला पाठवा.

मधल्या राउंडनंतर एकदा तपासा

रेंज बदलते. जागा सीनियरची होती ती मधल्या स्तराची होते, बजेट गोठतं, कधी मॅनेजरच बदलतो. शेवटच्या किंवा त्याआधीच्या राउंडची वेळ ठरवताना एक ओळ टाका: "आपलं आधी 14 ते 16 फिक्स्डचं बोलणं झालं होतं, ते तसंच आहे ना?" उत्तर यायला दोन दिवस लागले किंवा "तेव्हा एचआर सांगेल" आलं, तर काहीतरी हललंय असं समजा आणि सुट्टी टाकण्याआधी फोन करा.

आकडा जुळला नाही तर चॅट तशीच सोडून देऊ नका. त्याच रिक्रूटरकडे दोन महिन्यांनी दुसरी जागा येते आणि तो आधी स्वतःच्या जुन्या एक्सेलमध्येच शोधतो. म्हणून लिहा: "सांगितल्याबद्दल धन्यवाद. 12 फिक्स्ड माझ्यासाठी कमी आहे, त्यामुळे या जागेसाठी पुढे जात नाही. ऑटोमेशनमध्ये 14 च्या वर फिक्स्ड असलेली पुण्यातली जागा आली तर जरूर कळवा, नोटिस 60 दिवसच आहे." आता तुमचा तळ त्याच्या ट्रॅकरमध्ये लिहिला जाईल, आणि पुढचा मेसेज तो आकडा धरूनच येईल.